मुलाची चित्रकथा मॉडेलला पाठवताना क्रम आणि गोष्ट कशी टिकते

प्रश्न: माझा मुलगा तिसरीत आहे. त्याने आठ पानांची चित्रकथा काढली. मी पानांचे फोटो काढून एआय मॉडेलला पाठवले आणि आजीला वाचता येईल अशी गोष्ट टाईप करून मागितली. मॉडेलने मधला प्रसंग शेवटी नेला, एकाच मुलाची दोन वेगळी मुलं करून टाकली, आणि मुलाने लिहिलेली वाक्यंही बदलली. मुलगा हिरमुसला. मॉडेल चित्रांचा क्रम नेमका कशावरून धरतं? गोष्ट बिघडू नये म्हणून काय करता येईल?

उत्तर: चित्रं वाचणाऱ्या मॉडेलांच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम आहे, आणि मुलांची चित्रं ही त्यातली माझी सगळ्यात आवडती, पण सगळ्यात अवघड सामग्री. तुमच्याकडे झालेल्या तिन्ही चुका वेगवेगळ्या कारणांनी होतात, म्हणून त्यांचे उपायही वेगळे आहेत. आधी क्रमाचं बघू.

मॉडेलच्या लेखी क्रम म्हणजे फोटो ज्या रांगेत त्याच्यापर्यंत पोहोचले ती रांग. प्रत्येक फोटो लहान लहान चौकोनांत विभागला जातो. बऱ्याच मॉडेलांत हा चौकोन एका बाजूला १४ किंवा १६ पिक्सेलचा असतो. प्रत्येक चौकोनाचं आकड्यांच्या एका यादीत रूपांतर होतं आणि या याद्या तुम्ही टाईप केलेल्या शब्दांबरोबर एकाच लांब ओळीत मांडल्या जातात. पहिल्या फोटोचे चौकोन आधी, दुसऱ्याचे त्यांच्यामागे, असं करत करत शेवटी तुमचा प्रश्न. या ओळीत जे आधी आलं ते मॉडेलसाठी आधीचं. फोटो किती वाजता काढला, फाइलचं नाव काय, वहीत ते पान कितवं, हे सहसा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. तुम्हाला फोनच्या गॅलरीत पानं नीट ओळीने दिसतात म्हणून मॉडेललाही तशीच दिसतील, असं धरून चालू नका.

आता फोटो निवडताना काय होतं ते आठवून बघा. अनेक फोन सर्वात नवा फोटो सर्वात वर दाखवतात. पानं एक ते आठ अशी ओळीने टिपली तरी निवडताना हात वरून खाली जातो, आणि आठवं पान पहिलं निवडलं जातं. एखादा फोटो हलला म्हणून तुम्ही तो नंतर पुन्हा काढला असेल, तर तो गॅलरीत भलतीकडे बसतो. पाठवण्याआधी अ‍ॅपमध्ये छोट्या चित्रांची एक पट्टी दिसते, ती एकदा डावीकडून उजवीकडे नजरेखालून घाला. तुमच्या गोष्टीत मधला प्रसंग शेवटी गेला, त्याचं कारण बहुधा याच पट्टीत होतं.

तरीही केवळ रांगेवर विसंबू नका. क्रम फोटोच्या आत दिसायला हवा. माझी पद्धत साधी आहे: कागदाच्या चिठ्ठ्या करायच्या, त्यांवर ठसठशीत अक्षरांत ‘पान एक’, ‘पान दोन’ असं लिहायचं आणि फोटो काढताना ती चिठ्ठी पानाच्या वरच्या कोपऱ्यात ठेवायची. मुलाच्या चित्रावर आपण पेन चालवायचं नाही. आकड्याऐवजी अक्षरी लिहायचं, कारण हाताने लिहिलेले १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, आणि मुलाने स्वतः घातलेले आकडे कधी आरशातल्यासारखे उलटेही असतात. ‘पान सहा’ हे शब्द सहसा चुकीचे वाचले जात नाहीत. चिठ्ठीचा आणखी एक फायदा म्हणजे फोटो आडवा किंवा उलटा गेला तर तो लगेच लक्षात येतो.

फोटो फिरण्याबद्दलही थोडं सांगायला हवं. फोन आडवा धरून काढलेला फोटो तुम्हाला स्क्रीनवर सरळ दिसतो, कारण ‘हा फिरवून दाखवा’ अशी एक खूण फाइलमध्ये असते. ती खूण वाटेत कुठेतरी गळाली की मॉडेलला पान आडवं मिळतं. आडव्या पानावर चौकटींचा क्रम सरळच बदलतो: वरची ओळ बाजूचा उभा रकाना होते. प्रोग्रॅम लिहून फोटो पाठवणाऱ्यांनी हे आधीच निस्तरावं, आणि फाइलची नावं `pan01.jpg`, `pan02.jpg` अशी दोन अंकी ठेवावीत. नाहीतर अक्षरक्रमाने लावताना `pan10.jpg` हे `pan2.jpg` च्या आधी येतं.

```python
import glob
from PIL import Image, ImageOps

pages = []
for p in sorted(glob.glob("pan*.jpg")):
    pages.append(ImageOps.exif_transpose(Image.open(p)))
```

प्रोग्रॅममधून पाठवताना प्रत्येक चित्राच्या आधी ‘पान एक:’, ‘पान दोन:’ असा मजकूर घालता येतो. तो जरूर घाला. त्या ओळीत चित्राच्या अगदी शेजारी बसलेलं हे नाव पुढे मॉडेलला धरून ठेवायला कामाला येतं. ‘पान चारमध्ये’ असं त्याने लिहिलं की त्याला कुठे बघायचं ते पक्कं असतं. साध्या चॅट अ‍ॅपमध्ये फोटोंच्या मध्ये शब्द घालायची सोय सहसा नसते, तिथे हे काम चिठ्ठी करते.

एका फोटोत एकच पान घ्या. वही उघडून समोरासमोरची दोन पानं एकत्र टिपायचा मोह होतो, पण त्यात अक्षरं हरवतात. पाठवलेला फोटो कितीही मोठा असला तरी बहुतेक मॉडेल तो एका मर्यादेपर्यंत लहान करतात. समजा लांब बाजू १५०० पिक्सेलवर आणली. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब, म्हणजे एका मिलिमीटरला जेमतेम पाच पिक्सेल. मुलाच्या हातचा अनुस्वार मिलिमीटरभराचं टिंब असतो, त्याला पाच पिक्सेल मिळतात. दोन पानं शेजारी ठेवली की लांबी ४२० मिलिमीटर होते आणि त्याच टिंबाला साडेतीन पिक्सेल उरतात. वर फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून एकदा फिरून आला असेल तर तो आधीच दाबलेला असतो. ‘आबा’ आणि ‘आंबा’ यांतला फरक त्या टिंबावर आहे. गोष्टीत आजोबा येणार की झाडाचं फळ, हे असल्या टिंबावर ठरतं.

क्रम सांभाळला तरी दुसरी अडचण उरते, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. मॉडेल गोष्ट एकेक शब्द पुढे नेत लिहितं, आणि प्रत्येक शब्द आधी लिहिलेल्याशी जुळेल असा निवडतं. त्यामुळे त्याचा ओढा सुरळीत, नेहमीच्या गोष्टीकडे असतो: अडचण आली, प्रयत्न केला, यश मिळालं, सगळे खूश. चित्र अस्पष्ट असलं की ही ओळखीची गोष्ट पुढे सरसावते आणि चित्राची जागा घेते. मुलांच्या गोष्टी मात्र अशा चालत नाहीत. नायक पडतो आणि पुढच्याच पानावर सगळे जण बर्फाचा गोळा खात असतात. मुलाला ते अगदी बरोबर वाटतं. मॉडेल मात्र त्यात कारण घालतं, दुवे जोडतं, कधी पानंसुद्धा मागेपुढे समजून घेतं.

माझ्या भाचीच्या एका चित्रकथेवर हे सगळं उलगडून दाखवते. तिच्या गोष्टीत पिंट्या नावाचा मुलगा आहे, मनी नावाची मांजर आहे आणि आजी आहे. पानं सहा. पहिल्यात पिंट्या गच्चीवर पतंग उडवतो. दुसऱ्यात पतंग आंब्याच्या झाडात अडकतो. तिसऱ्यात पिंट्या शिडीवर चढलेला आहे, हात पसरलेले. चौथ्यात तो पडतो, बाजूला मोठ्या अक्षरांत ‘धपाक’. पाचव्यात आजी त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधते. सहाव्यात पुन्हा शिडी आहे, पिंट्या तिच्यावर उभा आहे, वर फांदीवर मनी आहे आणि पतंगाचं टोक तिच्या तोंडात आहे.

ही पानं बिनचिठ्ठीची, मागेपुढे करून पाठवली आणि थेट गोष्ट मागितली, तर काय बिघडतं ते पानोपान सांगता येतं. तिसरं आणि सहावं पान फार सारखं आहे: तेच झाड, तीच शिडी, वर पतंग. त्यामुळे सहावं पान तिसऱ्याला चिकटतं. मग गोष्ट अशी होते: पिंट्या चढला, मनीने पतंग दिला, उतरताना पिंट्या पडला, आजीने पट्टी बांधली. ऐकायला काही खटकत नाही. चूक पकडायची तर चित्राकडेच परत जावं लागतं, आणि तिथे पुरावा आहे: सहाव्या पानावर पिंट्याच्या गुडघ्यावर पट्टी आहे, तिसऱ्यावर नाही.

चित्रांतून क्रम शोधायचा तो अशा खुणांवरून. शिडीवरचा माणूस चढतोय की उतरतोय हे स्थिर चित्रावरून कळत नाही. दार उघडतंय की बंद होतंय, चेंडू वर जातोय की खाली येतोय, हेही कळत नाही. अशा गोष्टी दोन्ही दिशांनी घडू शकतात, त्यामुळे त्यांच्यावर क्रम टेकवू नये. जे एकदा झालं की मागे फिरत नाही त्याच्यावर टेकवावा: बांधलेली पट्टी, फाटलेला पतंग, फुटलेला माठ, खाल्लेला लाडू, कापलेली दोरी. या खुणा ज्या पानांवर दिसतात ती सगळी पानं त्या घटनेनंतरची. पट्टी सुटू शकते हे खरं, पण मूल ती काढून दाखवायला सहसा वेगळं पान खर्च करतं.

सूर्यावर मात्र विश्वास ठेवू नका. माझ्या भाचीच्या सहाही पानांत उजव्या कोपऱ्यात पिवळा पाव सूर्य आहे, किरणांसकट. तिच्या वयाची कितीतरी मुलं सूर्य असाच काढतात, ते चित्राचं एक अंग असतं. तो वेळ सांगत नाही. मॉडेलने ‘एका सकाळी’ असं लिहून सुरुवात केली तर ती सकाळ चित्रातली नाही, नेहमीच्या गोष्टींतून आलेली आहे. डोंगरामागचा अर्धा सूर्य ‘संध्याकाळ’ ठरतो तेव्हाही हेच होतं.

आता एका मुलाचे दोन कसे होतात ते. अनेक मॉडेलांत प्रत्येक फोटो आधी स्वतंत्रपणे वाचला जातो आणि जोडणी नंतर होते. ‘पान दोनमधला तो आणि पान पाचमधला तो एकच’ हा निष्कर्ष असतो, आणि तो दिसणाऱ्या लक्षणांवर काढला जातो. मोठ्यांच्या चित्रकथांत पात्राचे कपडे शेवटपर्यंत सारखे राहतात, त्यामुळे कपड्यांवरून ओळखणं तिथे चालतं. मुलाचं लाल स्केचपेन चौथ्या पानावर सुकतं आणि पाचव्या पानावर नायकाचा शर्ट निळा होतो. पिंट्याच्या बाबतीत हेच झालं होतं. निळ्या शर्टातला मुलगा मॉडेलला नवा वाटला, आणि पट्टी ‘मित्राच्या’ पायाला बांधली गेली.

मुलांच्या चित्रांत कपड्यांपेक्षा डोकं स्थिर राहतं. भाचीने पिंट्याच्या डोक्यावर प्रत्येक पानात तीन उभे केस काढलेत, आजीला गोल अंबाडा आणि मोठा चष्मा, मनीला एका बाजूला तीन मिशा. तुमच्या मुलाच्या चित्रांतही अशी एखादी खूण नक्की सापडेल. ती तुम्हीच शोधा, किंवा त्यालाच विचारा, आणि मॉडेलला आधीच सांगा: ‘डोक्यावर तीन केस असलेला मुलगा म्हणजे पिंट्या. शर्टाचा रंग बदलतो, पण मुलगा तोच.’ एवढ्या वाक्याने ओळखीचा गोंधळ बहुतांशी मिटतो.

उरतो तो एका खास जागी. चौथ्या पानावर, पडण्याच्या चित्रात, भाचीने एकाच चौकटीत पिंट्या तीनदा काढला होता: शिडीच्या टोकाशी, हवेत आणि जमिनीवर. मॉडेलने तीन मुलं मोजली. असं चित्र काढणं ही मुलांची चूक नाही. एकाच चौकटीत तोच माणूस पुन्हा पुन्हा दाखवून वेळ पुढे नेणं ही जुनी, समर्थ पद्धत आहे. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यातल्या विश्वंतर जातकाच्या चित्रांत राजपुत्र असाच प्रसंगागणिक पुन्हा दिसतो. चेंडूचे टप्पे दाखवायला मुलं पाच चेंडू काढतात, धावणं दाखवायला आठ पाय काढतात. त्यामुळे पात्रांची संख्या एखाद्या पानावर अचानक वाढली आणि पुढच्या पानावर पुन्हा कमी झाली, तर तिथे हालचाल आहे असं समजायचं. मॉडेलच्या नोंदीत ‘तीन सारखी मुलं’ असं दिसलं की तुम्हीच तिथे दुरुस्ती करून पुढे जा.

‘नोंद’ म्हणाले, कारण सगळ्या उपायाचा कणा तोच आहे. एकदम गोष्ट मागायची नाही. काम दोन पायऱ्यांत करायचं. पहिल्या पायरीत प्रत्येक पानावर काय दिसतं एवढंच लिहून घ्यायचं, पानांचा एकमेकांशी संबंध न जोडता. मी साधारण असा मजकूर वापरते:

```
ही एकाच चित्रकथेची सहा पानं आहेत. प्रत्येक फोटोच्या वरच्या
कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर पानाचा क्रम आहे. तोच क्रम खरा.
अजून गोष्ट लिहू नका. प्रत्येक पानाची वेगळी नोंद करा:
- चिठ्ठीवर काय लिहिलंय
- चौकटी किती आणि कशा मांडल्यात
- कोण दिसतं, त्यांच्या अंगावरच्या खुणा
- कोणत्या वस्तू, कोणत्या स्थितीत
- अक्षरं जशी लिहिली आहेत तशी, शुद्धलेखन न सुधारता;
  न वाचता आलेल्या जागी [?]
पानांचा एकमेकांशी संबंध जोडू नका.
```

नोंद आली की ती पानांशेजारी ठेवून वाचा, मुलाला जवळ घेऊन. चिठ्ठीवरचे शब्द आणि फोटोंची रांग जुळते का, हे पहिल्याच नजरेत दिसतं. पिंट्याच्या नोंदीत पाचव्या आणि सहाव्या पानावर ‘गुडघ्यावर पट्टी’ असं आलं, तिसऱ्यावर नाही. सहावं पान शेवटचं असल्याचं चिठ्ठीबरोबर चित्रातूनही पक्कं झालं. जे चुकलंय ते तिथेच दुरुस्त करा: ‘पान चारवर तीन मुलं नाहीत, पिंट्याच तीनदा दाखवलाय.’ मग दुसऱ्या पायरीत गोष्ट मागा, आणि सांगा की ही दुरुस्त नोंद हाच आधार. नोंदीत नसलेली घटना, भावना किंवा संवाद घालू नका. एखाद्या दोन पानांमध्ये काय घडलं ते कळत नसेल तर तिथे प्रश्न लिहा.

दोन पायऱ्यांचा फायदा होण्याचं कारण सरळ आहे. मॉडेलने स्वतः लिहिलेला मजकूरही त्याच लांब ओळीत जाऊन बसतो आणि पुढचं लिहिताना त्याच्यासमोर असतो. ‘पान सहा: पट्टी आहे’ हे शब्दांत उतरलं की पुढचं वाक्य त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. थेट गोष्ट मागितली तर ती पट्टी चित्राच्या शेकडो चौकोनांपैकी एका-दोनांत पडून राहते, आणि सुरळीत गोष्टीच्या ओघात तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

याचीच उलटी बाजूही लक्षात ठेवायला हवी. चुकलेली गोष्ट एकदा लिहिली गेली की तीही समोर राहते. मग ‘नाही, तो आधी पडला’ असं सांगितलं तरी मॉडेल एक वाक्य बदलतं आणि बाकीची चुकीची गोष्ट तशीच ठेवतं; चौथ्या दुरुस्तीनंतर जुना मित्र पुन्हा डोकावतो. अशा वेळी वाद घालत बसू नका. नवं संभाषण उघडा, तेच फोटो पुन्हा पाठवा आणि दुरुस्त केलेली नोंद सोबत चिकटवा. म्हणूनच पानं एकेक करून वेगवेगळ्या संदेशांत पाठवायचंही मी टाळते. पहिल्या पानानंतरच मॉडेल पुढचं अंदाजाने सांगू लागतं, आणि तो अंदाज शेवटपर्यंत मागे लागतो. आठ पानं एकाच संदेशात पाठवणं चांगलं.

एका पानावर अनेक चौकटी असतील तर त्यांचाही क्रम सांगून टाका. मराठी वाचणारं मूल सहसा डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली जातं, आणि मॉडेलही तेच धरून चालतं. पण कागद संपला की मूल उरलेली चौकट समासात उभी काढतं, किंवा बाण काढून पुन्हा वरच्या मोकळ्या जागेत जातं. जपानी मांगा वाचणारी थोडी मोठी मुलं मुद्दाम उजवीकडून सुरुवात करतात. पान फारच गुंतागुंतीचं असेल तर प्रत्येक चौकटीचा वेगळा फोटो काढा आणि चिठ्ठीवर ‘पान तीन, चौकट दोन’ असं लिहा. बोलण्याच्या फुग्यांचं तंत्रही तसंच आहे. फुग्याचं शेपूट कोणाच्या तोंडाकडे जातं यावरून मॉडेल बोलणारा ठरवतं, आणि मुलं शेपूट काढायचं विसरतात किंवा जागा मिळेल तिथे वळवतात. सहाव्या पानावरचं ‘मनी तू हुशार’ हे वाक्य मनीच्याच फुग्यात असल्यासारखं दिसत होतं. अर्थावरून मॉडेलने ते पिंट्याला दिलं आणि बरोबर दिलं, पण दोन मुलं एकमेकांशी बोलत असतील तर अर्थाचा असा आधार मिळत नाही.

तुमच्या मुलाची वाक्यं बदलली गेली त्याबद्दल. मूल लिहितं ‘मला पन पायजे’, आणि गोष्टीत येतं ‘मलाही हवं आहे’. मॉडेलने अक्षरं वाचलीही असतील, पण लिहिताना प्रमाण मराठीकडे ओढलं गेलं. शिवाय हाताने लिहिलेली देवनागरी, त्यातही लहान मुलाची, मॉडेलला छापील अक्षरांपेक्षा बरीच कठीण जाते. शिरोरेषा तुटलेली, काना पुढच्या अक्षराला चिकटलेला, ‘ख’ चा ‘रव’ झालेला. न वाचता आलेल्या जागी ते अंदाजाने एखादा योग्य शब्द घालतं आणि तो अंदाज आहे असं सांगत नाही. म्हणून नोंदीत [?] ची सोय ठेवायची आणि ‘शुद्धलेखन न सुधारता’ हे स्पष्ट म्हणायचं. तरीही आठ पानांवर वीसेक वाक्यं असतील तर ती तुम्हीच टाईप करून द्यावीत, असं माझं मत आहे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि मुलाची भाषा जशीच्या तशी आजीपर्यंत पोहोचते. ‘पायजे’ मधलं मूल ‘हवं आहे’ मध्ये उरत नाही.

मॉडेल खरोखर चित्रं बघून क्रम सांगतंय की तुमचीच रांग परत ऐकवतंय, हे तपासायची एक चाचणी आहे. चिठ्ठ्यांशिवाय काढलेले फोटो दोन वेगळ्या संभाषणांत दोन वेगळ्या रांगांनी पाठवा. दोन्हीकडे फक्त क्रम मागा, आणि प्रत्येक जोडीसाठी चित्रातला पुरावा मागा. दोन्ही वेळा उत्तर पाठवलेल्या रांगेप्रमाणेच आलं, तर त्याने चित्रांची तुलना केलेली नाही. पुरावा म्हणून ‘गोष्ट अशी नैसर्गिक वाटते’ असं काही आलं तरी तो पुरावा नव्हे. पट्टी, फाटलेलं टोक, तुटलेली फांदी, असं बोट ठेवून दाखवता येणारं काही हवं.

दुसरी चाचणी एक पान काढून घेण्याची. पिंट्याचं चौथं पान वगळून बाकीची पाच पाठवली, तर पाचव्या पानावरून एवढंच कळतं की गुडघ्याला काहीतरी लागलं. गोष्टीत ‘तो शिडीवरून धपकन पडला’ असं आलं, तर मॉडेलने रिकामी जागा स्वतः भरली. इथे अंदाज बरोबर निघेल, तुमच्या मुलाच्या गोष्टीत कदाचित नाही. कुठे भर घातली जाते हे एकदा दिसलं की अंतिम गोष्ट वाचताना नेमकं कुठे थांबायचं ते कळतं.

काही क्रम मात्र चित्रांत नसतातच. पहिलं पान स्वप्न असू शकतं, चौथं पान ‘काल काय झालं ते’ असू शकतं. मोठे लोक आठवण दाखवायला ढगासारखी चौकट काढतात, तिसरीतलं मूल नुसतं पुढचं पान उलटतं आणि तोंडाने सांगतं. तिथे कोणतीही चाचणी उपयोगाची नाही. नोंदीत जिथे प्रश्न उरले असतील ते मुलालाच विचारा, एका वेळी एक, आणि उत्तर सुचवू नका. ‘तो आधी पडला ना?’ असं विचारलं की मूल हो म्हणतं. ‘या पानानंतर काय झालं?’ असं विचारा, तो सांगेल ते त्याच्या शब्दांत टाईप करा आणि त्या पानाच्या नोंदीखाली जोडा. मॉडेलच्या समजुतीपेक्षा हे वाक्य वरचढ आहे, असं दुसऱ्या पायरीच्या संदेशात लिहायला विसरू नका.

पुढे त्याने वीस-पंचवीस पानांची गोष्ट काढली, तर सगळे फोटो एकदम पाठवू नका. फोटो वाढले की मधल्या पानांच्या नोंदी त्रोटक होत जातात, आणि काही अ‍ॅपमध्ये एका संदेशातल्या फोटोंवर मर्यादाही असते. सहा-सहा पानांचे गट करा. प्रत्येक गटाच्या संदेशात वर दोन गोष्टी द्या: पात्रांच्या खुणांची यादी, आणि मागच्या गटाच्या शेवटी कोण कुठे होतं, कोणाच्या हातात काय होतं, हे तीन-चार ओळींत. आधी सगळ्या गटांच्या नोंदी करून तपासून घ्या, आणि शेवटी फोटो बाजूला ठेवून केवळ तपासलेल्या नोंदींवरून गोष्ट लिहून घ्या. फोटो पाठवण्यापूर्वी वहीच्या कोपऱ्यातलं मुलाचं नाव आणि शाळेचा शिक्का चिठ्ठीखाली झाकला गेलाय ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.